परदेशातील पहिला ग्राहक : नंदुरबारची मिरची आणि कडोदऱ्याचा नमुना (लेखांक ५)

मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरत–बारडोली रस्ता जेथे एकमेकांना छेदतात त्या कडोदऱ्यात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, आणि बारडोली, व्यारा, सोनगडमार्गे नवापूर ओलांडले की नंदुरबारची मिरची बाजारपेठ लागते. आयात-निर्यात क्रमांक आणि स्पायसेस बोर्डाची नोंदणी मिळालेला येथील एखादा लहान व्यापारी नेदरलँड्समधील आयातदाराला मिरची पूड विकू पाहतो तेव्हा त्याचा पहिला खरा संवाद पत्राने नव्हे, तर नमुन्याने होतो.

नंदुरबारात ओली लाल मिरची विकत घेऊन ती उघड्या मैदानावरील पथारींवर वाळवली जाते. वाळवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला, किंवा मिरची पुरती वाळण्याआधीच पोत्यात भरली गेली, तर तिच्यात बुरशी धरते आणि काही बुरशींपासून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते, जे दळल्याने वा भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. युरोपीय संघात मिरचीसाठी यातील बी-१ या प्रकाराची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, तर एकूण अफलाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका टनात बी-१ केवळ ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. हे विष मालात सारखे पसरलेले नसून थोड्याच बुरशी लागलेल्या मिरच्यांत एकवटलेले असते. म्हणूनच वरच्या पोत्यातील लालभडक मिरच्या निवडून दळलेला नमुना प्रयोगशाळेत उत्तीर्ण होतो आणि त्याच व्यापाऱ्याचा प्रत्यक्ष माल परदेशी बंदरात नाकारला जातो. नमुना घेताना विकायच्या ढिगातील शक्य तितक्या पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी मिरची काढून ती एकत्र दळावी व नीट मिसळावी. त्या पुडीचे तीन भाग करून एक ग्राहकाला, एक तपासणीला (बोर्डाची प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे) पाठवावा, आणि तिसरा मोहोरबंद करून थंड व अंधाऱ्या जागी स्वतःजवळ ठेवावा. तिन्ही पाकिटांवर ढिगाचा एकच क्रमांक आणि दळल्याची तारीख असावी. मिरचीचा रंग उजेडाने व उष्णतेने उतरत जातो; मार्चमधील नमुना पाहून ग्राहकाने ऑगस्टमध्ये माल मागवला, तर जपून ठेवलेला तिसरा भाग नवा वाद मिटवतो, आणि पाठवणीपूर्वी प्रत्यक्ष मालाचा दुसरा नमुना पाठवणे हेही त्यामुळेच आवश्यक ठरते.

नमुना पसंत पडल्यावर दरपत्रक मागितले जाते, आणि येथे देशांतर्गत बाजाराची सवय आड येते. किलोचा एक आकडा लिहून पाठवणे पुरेसे नसते, कारण तो दर कोणत्या ठिकाणापर्यंतचा आहे हे त्यातून कळत नाही. ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विक्रेत्याची. ‘सीआयएफ रॉटरडॅम’मध्ये समुद्रभाडे आणि विमाही विक्रेता भरतो. थोडा माल इतरांच्या मालासोबत सामायिक कंटेनरमधून जाणार असेल, तर तो बंदराजवळील साठवण केंद्रातच सोपवला जातो, म्हणून तेथपर्यंतची जबाबदारी सांगणारी ‘एफसीए’ ही अट अधिक योग्य, जरी व्यवहारात एफओबीच रूढ असली तरी.

समजा पुडीचा नफ्यासह दर किलोला २३० रुपये आहे आणि मागणी ५०० किलोची आहे. मालाचे १,१५,००० रुपये होतात. तपासणी, कडोदरा ते न्हावा शेवा वाहतूक, सीमाशुल्क दलाल आणि कागदपत्रे यांना ३५,००० धरले, तर किलोला ३०० रुपये पडतात. हीच मागणी २,००० किलोची असेल आणि वाढलेल्या वाहतुकीसह खर्च ४८,००० धरला, तर दर २५४ रुपयांवर येतो. पहिल्या ग्राहकाला खूश करण्यासाठी ५०० किलोला २५४चा दर देणाऱ्याचे २३,००० रुपये जातात, आणि पुढे दर वाढवताना त्याला सबबी शोधाव्या लागतात. दोन्ही परिमाणांचे दोन दर डॉलरमध्ये स्पष्ट लिहिणे हेच प्रामाणिक, आणि मिरची व डॉलर दोन्ही हलत असल्याने त्यांवर पंधरा दिवसांची मुदत घालणे रास्त.

विश्वासाची अडचण दोन्ही बाजूंना सारखीच असते: आगाऊ पैसे देऊन माल येईल का ही ग्राहकाची शंका, तर माल पाठवून पैसे येतील का ही विक्रेत्याची. पतपत्र, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेली हमी, सुरक्षित असते, परंतु ५०० किलोच्या व्यवहाराला तिचे शुल्क जड जाते. अशा वेळी काही रक्कम आगाऊ घेऊन उरलेली कागदपत्रांच्या बदल्यात घेण्याची रीत सोयीची पडते. तिच्यात माल सोडवून घेण्याचे जहाजाचे मूळ कागद बँकेमार्फत जातात आणि पैसे भरल्यावरच ग्राहकाच्या हाती पडतात. या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. ग्राहकाने कागद सोडवलेच नाहीत, तर माल रॉटरडॅमला पडून राहतो आणि गोदामभाडे चढत जाते, म्हणून आगाऊ रक्कम किती असावी हे रूढ टक्केवारीवरून न ठरवता तो माल परत आणण्यास वा तेथेच दुसऱ्यास विकण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब करून ठरवावे.