दरड बाराव्या मिनिटाला कोसळते

पॉडकास्टच्या भागाखाली वेळा, पाहुण्यांची ओळख आणि बोलण्यात आलेल्या पुस्तकांची यादी असते. त्याला शो-नोट्स म्हणतात. ट्रान्सक्रिप्ट हाताशी असली की हे अर्ध्या तासाचं काम, असं मलाही वाटायचं.

घाटरस्त्यांवर काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांची मुलाखत होती. ट्रान्सक्रिप्ट कच्च्या रेकॉर्डिंगवरून काढलेली. नंतर संपादनात सुरुवातीच्या ७० सेकंदांच्या गप्पा गेल्या आणि ४० सेकंदांचं संगीत आलं. म्हणजे सगळंच ३० सेकंद अलीकडे सरकलं. दरडीचा प्रश्न ट्रान्सक्रिप्टमध्ये १२:४० ला होता, तो प्रत्यक्षात १२:१० ला आला. पुढे पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास तीन मिनिटं कापली होती, त्यामुळे ३४:५० चं ३१:२० झालं. एकच फरक सगळीकडे वजा करणारा इथे फसतो. म्हणून वेळा अंतिम ऑडिओ ऐकूनच टाकाव्यात. ट्रान्सक्रिप्ट फक्त जागा शोधायला.

जागा शोधायची ती सूत्रधाराच्या प्रश्नावरून. पाहुणे रंगात येतात दोन मिनिटांनी, पण प्रश्न ऐकला नाही तर उत्तराचा संदर्भ लागत नाही. शीर्षकही ‘दरडींविषयी चर्चा’ असं गुळमुळीत नको:

```
00:00 घाटातली पहिली नेमणूक
12:10 पावसात दरड का सुटते?
31:20 गटार तुंबलं की रस्ता खचतो
```

यूट्यूबवर पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचं हवं. आकडे इंग्रजीच टाकावेत.

खरी मेहनत यादीत आहे. आमच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘पेंढारकरांचं रंगढंग’ असं आलं होतं. पुस्तक होतं ‘रारंग ढांग’, हिमालयातल्या रस्तेबांधणीवरची कादंबरी. पेंढारकर म्हणजे प्रभाकर. घाईत कुणी भालजी लिहिलं असतं, तर वडिलांच्या नावावर मुलाचं पुस्तक गेलं असतं. विशेषनाम आलं की मूळ आवाज ऐकायचा, मग पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी ताडून पाहायचं. पाहुण्यांनी नुसतं ‘ते एक जुनं पुस्तक’ म्हटलं असेल, तर अंदाज न करता त्यांनाच विचारायचं.

त्याच फोनवर त्यांची ओळखही वाचून दाखवायची. बोलण्याच्या ओघात माणूस ‘पंचवीसेक वर्षं खात्यात होतो’ म्हणतो, हुद्दा अर्धाच सांगतो. आमच्या पाहुण्यांनी गप्पांत स्वतःचा मोबाइल नंबरही सांगून टाकला होता. तो नोट्समध्ये घेतला नाही आणि ऑडिओतूनही कापला. त्या कापण्याने पुढच्या वेळा पुन्हा चार सेकंदांनी सरकल्या.