साठ दिवस की एकशेवीस?

रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. रेल्वेच्या तिकिटांविषयी उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटच्या माहितीसाठ्यात जुने आणि नवे अशी दोन्ही परिपत्रके असली, तर 'तिकीट किती दिवस आधी काढता येते?' या प्रश्नावर तो कधी १२० म्हणेल, कधी ६०. याचे कारण त्याच्या शोधण्याच्या पद्धतीत आहे. साठ्यातील कागदपत्रांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे आधी उचलले जातात. दोन्ही परिपत्रकांतले वाक्य जवळपास एकच, फरक फक्त आकड्याचा. म्हणून दोन्ही तुकडे सारखेच जवळचे ठरतात. कोणता नियम आज लागू आहे, हे अर्थाच्या जवळिकीतून कळत नाही.

'सर्वांत नवा कागद खरा' हा सोपा उपाय इथे फसतो. बदल ऑक्टोबरच्या मध्यावर जाहीर झाला, पण लागू झाला १ नोव्हेंबरला. मधल्या पंधरवड्यात नव्या कागदावर विसंबणारा चॅटबॉट चुकीचेच सांगणार. म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर तो केव्हापासून आणि केव्हापर्यंत लागू आहे, या दोन तारखा नोंदवाव्या लागतात. साठ्यात कागद कधी चढवला, ती तारीख यासाठी निरुपयोगी असते. शोध घेण्याआधीच या तारखांची चाळणी लावली, की गैरलागू तुकडा उत्तरापर्यंत पोहोचत नाही.

मग जुने परिपत्रक पुसूनच टाकावे का? तसे करणे धोक्याचे आहे. ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत जुन्या मुदतीत काढलेली तिकिटे वैध राहिली. त्या दिवशी २८ फेब्रुवारीच्या प्रवासाचे तिकीट काढलेल्या माणसाने 'माझे तिकीट चालेल का?' असे विचारले, तर फक्त नवा नियम ठाऊक असलेला चॅटबॉट त्याला विनाकारण घाबरवेल. इथे चाळणीला आजची नव्हे, तर तिकीट काढल्याची तारीख द्यावी लागते. प्रश्नात ती नसेल, तर चॅटबॉटने आधी ती विचारावी.

आणखी एक खाचखळगा आहे. नवा नियम जुना संपूर्ण नियम रद्द करतोच असे नाही. परदेशी पर्यटकांची ३६५ दिवसांची मुदत या बदलात तशीच राहिली. म्हणून 'हे कलम त्या कलमाच्या जागी' अशी नोंद कलमागणिक करावी लागते, अख्ख्या कागदाला एकच शिक्का मारून भागत नाही. हे काम नियम जाणणाऱ्या माणसाचेच आहे.

सर्वांत चिवट चूक मात्र परिपत्रकात नसते. नेहमीचे प्रश्न, माहितीपत्रके, जुनी उत्तरे यांत १२० हा आकडा विखुरलेला असतो आणि त्यावर तारीखही नसते. असे तुकडे शोधून मूळ परिपत्रकाशी जोडावे लागतात. दुरुस्ती झाली का, हे तपासायला एकच प्रश्न चार-पाच तऱ्हांनी विचारावा. 'आज १ नोव्हेंबर २०२४, शेवटचे कोणत्या दिवसाचे तिकीट मिळेल?' याचे उत्तर ३१ डिसेंबर आहे. एकदा जरी १ मार्च आले, तरी जुना तुकडा कुठेतरी शिल्लक आहे.