इंटर्नशिपची जाहिरात वाचताना

दिवाळीची सुट्टी संपून सहावे सत्र सुरू झाले की महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर इंटर्नशिपच्या जाहिराती येऊ लागतात. काम काय, मानधन किती, मुदत किती आणि अर्ज कसा करायचा, एवढ्या चार गोष्टी बहुतेक जाहिरातींत असतात. मुले आधी मानधनाचा आकडा पाहतात, मग कंपनीचे नाव, आणि लगेच अर्ज भरून मोकळी होतात. पण यातली एकेक ओळ सुटी वाचली तर तिच्यात वावगे काही दिसत नाही. चारही ओळी एकमेकींशी जुळवून पाहिल्या की जाहिरातीतला कच्चा दुवा सापडतो.

व्यवस्थित जाहिरात कशी असते, ते रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणात दिसते. अर्थशास्त्र, व्यवस्थापन, कायदा अशा अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना दरवर्षी राबवली जाते. अर्ज 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या काळात घेतले जातात, प्रत्यक्ष काम पुढच्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये जास्तीत जास्त तीन महिने चालते, जागा साधारण 125 असतात आणि महिन्याला 20 हजार रुपये मिळतात. अभ्यासक्रमाच्या कोणत्या वर्षातल्या विद्यार्थ्याने अर्ज करायचा, हेही दिलेले असते. नीती आयोगाची इंटर्नशिप याहून वेगळी, कारण तिथे मानधनच नाही. पण ते तसे आधीच स्पष्ट सांगतात. मुदत किमान सहा आठवडे आणि कमाल सहा महिने, अर्ज दर महिन्याच्या 1 ते 10 तारखेत. पैसे नसलेली ही जाहिरातही मी प्रामाणिक मानते, कारण दिल्लीत राहण्याचा खर्च आपल्याला पेलेल का, हे मुलाला अर्ज करण्याआधी ठरवता येते.

आता नेहमी दिसणारी एक जाहिरात डोळ्यांसमोर आणू. ‘डिजिटल मार्केटिंग इंटर्न हवेत. मुदत तीन महिने. सोमवार ते शनिवार, 10 ते 7. मानधन कामगिरीनुसार 8 हजारांपर्यंत. काम: सोशल मीडिया सांभाळणे, ग्राहकांना फोन करणे, रोज 20 नव्या ग्राहकांची नोंदणी. प्रमाणपत्र मिळेल. नोंदणी शुल्क 499 रुपये.’ नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात तृतीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी ही जाहिरात वाचते आहे असे धरू.

सुरुवात वेळेपासून करू. जेवणाचा एक तास वगळला तर दिवसाचे आठ तास होतात. महिन्याला 26 दिवस धरले तर 208 तास, आणि तीन महिन्यांचे 624. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत जे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले आहे, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, त्याचे चार श्रेयांक धरले तर तास होतात 120. एका श्रेयांकाला 30 तास, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा हिशेब. म्हणजे महाविद्यालयाला हव्या असलेल्या तासांच्या पाचपटीहून अधिक वेळ ही जाहिरात मागते. त्याच काळात तासिका आणि सत्र परीक्षा असतील तर वेळापत्रक मुळातच जमणारे नाही. शिवाय प्रमाणपत्रावर तासांचा आणि कामाचा उल्लेख नसेल, तर ते महाविद्यालयात स्वीकारले जाईलच असे नाही. म्हणून ओजेटीच्या समन्वयक प्राध्यापकांना आधी विचारावे की, प्रमाणपत्रावर काय लिहिलेले लागते.

मग मानधन. पूर्ण आठ हजार मिळाले तर तासाला साडेअडतीस रुपये पडतात. पण ‘कामगिरीनुसार’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द जोडल्यामुळे किमान रक्कम शून्यही असू शकते. जाण्यायेण्याचे आणि चहा-नाश्त्याचे रोजचे शंभर रुपये धरले तर महिन्याला 2600 रुपये खिशातून जातात. लक्ष्य अर्धेच गाठले आणि हाती चार हजार आले, तर उरतात 1400. ही रक्कम घरच्यांसमोर मांडायची असते, जाहिरातीतले आठ हजार नव्हे.

कामाच्या ओळीत खरी गोष्ट उघडी पडते. रोज 20 नोंदण्या हे विक्रेत्याचे लक्ष्य आहे. ते जिला दिले ती शिकाऊ राहत नाही, कमी पैशांतली विक्री प्रतिनिधी होते. विक्री शिकायची असेल तर त्यात कमीपणा अजिबात नाही, पण मग तसे लिहावे आणि शिकवणारा माणूसही द्यावा. कोणाच्या हाताखाली काम करायचे, पहिल्या आठवड्यात काय दाखवले जाईल, शेवटी कोणते काम स्वतःचे म्हणून दाखवता येईल, यातले काहीच या जाहिरातीत नाही. मला ही उणीव मानधनाच्या कमतरतेहून मोठी वाटते. पैसे थोडे मिळाले तरी तीन महिन्यांत हातात कौशल्य यायला हवे.

राहिले 499 रुपये. इथे विचार करायचे कारणच नाही. नोंदणी, प्रशिक्षण साहित्य, परत मिळणारी अनामत, नाव कोणतेही असो, काम देणारा शिकाऊ उमेदवाराकडून पैसे मागत असेल तर अर्ज करू नये. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नये. 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

अर्ज करण्याआधी पात्रतेची ओळही नीट पाहावी. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत बारा महिन्यांसाठी दरमहा पाच हजार आणि एकदाच सहा हजार रुपये होते. पण ती 21 ते 24 वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्यांसाठी होती, त्यामुळे आपल्या नाशिकच्या मुलीला तिचा उपयोग नव्हता. अप्रेंटिसशिपही वेगळी. तिला 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा लागू होतो, करार नोंदवावा लागतो आणि किमान विद्यावेतन नियमाने ठरते. साध्या इंटर्नशिपच्या मागे असा स्वतंत्र कायदा नसल्याने लेखी कागदाचे महत्त्व वाढते.

म्हणून जाहिरात आवडली तरी आधी चार ओळींचा ईमेल पाठवावा: ‘महोदय, मी तृतीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकते. मला महाविद्यालयासाठी 120 तासांचे प्रशिक्षण करायचे असून 5 ते 30 जानेवारी रोज सहा तास वेळ देता येईल. कामगिरी कशीही असली तरी किमान मानधन किती असेल? मार्गदर्शन कोण करतील आणि प्रमाणपत्रावर तासांचा उल्लेख असेल का?’ सोबत कामाशी जुळणारा एखादा नमुना जोडावा. या कामासाठी, गावातल्या एखाद्या दुकानासाठी स्वतः लिहिलेल्या दोन पोस्ट, दोन पानी बायोडेटापेक्षा जास्त सांगून जातात. सरळ उत्तर देणाऱ्याकडे बहुधा सरळ कामही असते. ‘ते आल्यावर बोलू’ असे उत्तर आले, तर दुसरी जाहिरात शोधावी.

निवड झाली की रुजू होण्याचे पत्र जाहिरातीशेजारी ठेवून वाचावे. तारखा, तास, रक्कम आणि ती महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार, हे दोन्हीकडे एकच आहे का ते पाहावे. जागा भरल्या की जाहिरात बऱ्याचदा काढून टाकली जाते. म्हणून अर्ज करतानाच तिचा स्क्रीनशॉट घेऊन, तारखेसह, स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावा.