विकताय काय, ते सांगा

पुण्यातल्या एका मित्राने हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. जाहिरातीवर क्लिक केलं की जे लँडिंग पेज उघडतं, त्यावर ठळक अक्षरांत ओळ होती : ‘सोसायटी व्यवस्थापनाची नवी व्याख्या’. लोक येत आणि तसेच परत जात. मित्राला वाटलं, किंमत जास्त झाली.

आम्ही एक जुनी चाचणी केली. ओळखीच्या पाच सोसायट्यांच्या खजिनदारांना मोबाइलवर ते पान पाच सेकंद दाखवलं, फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, “हे काय विकतायत?” ‘आवडलं का?’ असं मुद्दाम विचारलं नाही. त्यावर माणसं भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. एक म्हणाले, वॉचमन पुरवणारी कंपनी. दुसऱ्यांना साफसफाईचं कंत्राट वाटलं, तिसऱ्यांना बिल्डरची जाहिरात. उरलेल्या दोघांनी सरळ ‘कळलं नाही’ म्हटलं.

खरं निदान या चुकीच्या उत्तरांतच होतं. सोसायटीशी संबंध आहे, एवढं सगळ्यांना समजलं होतं. घोळ ‘व्यवस्थापन’ या शब्दाने केला होता, कारण त्यात वॉचमनपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळंच येतं. ‘नवी व्याख्या’ तर जिमच्या पाटीवरही खपली असती. मथळा दुसऱ्याच धंद्याच्या पाटीवर लावून पाहावा; तिथेही शोभला, तर तो आपल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही.

मग खरी माहिती होती कुठे? त्याच पानावर, चार वेळा खाली सरकवल्यावर, बारीक अक्षरांत : मेंटेनन्सची बिलं काढतं, थकबाकीवरचं व्याज मोजतं. असं बहुतेक ठिकाणी आढळतं. बनवणाऱ्याला आपला माल इतका पाठ असतो, की तो काय करतो हे सांगायचं राहूनच गेलंय, हे त्याच्या ध्यानात येत नाही. शिवाय मोठ्यांची नक्कल. ‘जस्ट डू इट’ नाइकीला चालतं, कारण ती बूट विकते हे लोकांना आधीच ठाऊक असतं. याउलट २००१मध्ये आयपॉड नवा होता, तेव्हा ॲपलने ‘खिशात हजार गाणी’ असं सरळ सांगितलं.

नवी ओळ आम्ही रचली नाही, वापरणाऱ्या एका सेक्रेटरीकाकांकडून उचलली. शेजारच्या सोसायटीला ते फोनवर सांगत होते, “महिन्याची बिलं निघतात आणि कोणाचे किती बाकी ते दिसतं.” मित्र कुरकुरला, “पार्किंग आणि पाहुण्यांची नोंद राहिली की!” ती खाली गेली. मथळा झाला : ‘सोसायटीची मेंटेनन्स बिलं काढा, कोणाचे किती बाकी ते पाहा’.

दुसऱ्या पाच खजिनदारांना दाखवलं. चौघांनी बरोबर सांगितलं. कळलं म्हणजे विकत घेतीलच असं नाही, ते ही चाचणी सांगू शकत नाही. पण किंमत जास्त आहे का, हे विचारण्यात आता तरी अर्थ होता. ‘नवी व्याख्या’ मात्र मित्राला टाकवेना. ती त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून आहे.