‘माझ्या भाषेत सांगा’ म्हणजे नेमकं कोणत्या?

‘सोयाबीन पिवळं पडून राह्यलं. काय फवारू? माह्या भाषेत सांगा.’

समजा, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरच्या एखाद्या शेतकऱ्यानं हे आपल्या मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला विचारलं. भाषेचं नाव त्यानं सांगितलेलं नाही, आणि त्याला ते सांगावंसं वाटण्याचंही कारण नाही. जॉर्ज ग्रियर्सननं भारताचं भाषिक सर्वेक्षण केलं तेव्हा त्यालाही हाच अनुभव आला होता. खेडूत माणूस पन्नास मैलांवरच्या लोकांच्या बोलीला नाव देतो, पण स्वतःच्या बोलीला नाव असतं हेच त्याला मान्य नसतं. आपण बोलतो ते सरळ ‘बोलणं’, बाकीच्यांच्या त्या बोल्या. शंभर वर्षांनी तोच खेडूत यंत्राशी बोलू लागला आहे आणि ओळखायचं काम आता यंत्रावर आलं आहे.

जनगणना २०२७ च्या निमित्तानं भाषेच्या आकड्यांची चर्चा पुन्हा तापेल, म्हणून आधी जनगणनेचीच एक गोष्ट सांगतो. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्यांची मोट बांधून १२१ भाषा झाल्या. या मोटेत लमाणी हिंदीखाली गेली, तांड्यावर कुणी काहीही म्हणो. हा हिशेब मला पटत नाही. पण त्याच जनगणनेतली प्रगणकांना दिलेली सूचना मला फार आवडते. धर्म आणि मातृभाषा यांचा संबंध जोडायचा नाही, माणूस सांगेल तीच भाषा लिहायची, वाद घालायचा नाही. चॅटबॉट बनवणाऱ्यांनी ही सूचना भिंतीवर लावावी.

याचं कारण आपल्या शेजारीच आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयानं पाटीवरची उर्दू कायम ठेवली आणि भाषा धर्माची नसते, लोकांची असते, असं बजावलं. आता उलट बाजूनं पाहा. खात्यावरचं नाव मुस्लिम दिसलं म्हणून यंत्रानं उर्दू लिपीत उत्तर दिलं, तर चूक त्याच जातीची. सुलतानपुरात असा माणूस ‘सोयाबीन पीली पड रही, क्या मारना?’ असं देवनागरीत लिहितो. त्याला देवनागरीतच, बोलल्यासारख्या सोप्या हिंदीत उत्तर द्यावं. तो उर्दू लिपी वाचतो की नाही, हे नावावरून कळत नाही.

नावासारखाच फोनही फसवा. ब्राउझर प्रत्येक भेटीत पसंतीची भाषा कळवतो आणि गावाकडच्या फोनवर ती पुष्कळदा `en-IN` असते. मेनू इंग्रजीत, कारण दुकानदारानं फोन चालू करताना तसाच ठेवला, मग कुणी बदललाच नाही. ठिकाणावरून ‘बुलढाणा, म्हणजे मराठी’ हा अंदाज बहुधा बरोबर निघेल. पण जिल्ह्यात उर्दू, हिंदी आणि लमाणी तांड्यांवरची गोरबोली बोलणारी घरंही आहेत. तिथं नेमका त्यांचाच घात होतो.

मग भरवसा कशाचा? लिहिलेल्या वाक्याचा. पण तेही वाटतं तितकं सोपं नाही. भाषा ओळखणारी साधनं अक्षरांचे छोटे छोटे तुकडे मोजतात. कोणते दोन-तीन वर्ण एकामागे एक येतात यावरून ती भाषा ठरवतात. देवनागरीत ‘ळ’ किंवा ‘आहे’ आलं की हिंदी मागे पडते. वाक्य मोठं असेल तर हे छान जमतं. ‘काय फवारू’ एवढंच असेल तर हाताशी पुरावाच तुटपुंजा. त्यातून इंग्रजी कीबोर्डवर `kay fawaru, nahi samajla` असं टाइप केलं की लिपीचा आधार संपला, आणि ‘nahi’ तर मराठीचं तसंच हिंदीचं. आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ गटानं २०२३ मध्ये भारतीय भाषांसाठी देवनागरीसारख्या मूळ लिपी आणि रोमन, दोन्हींतला मजकूर ओळखणारं साधन काढलं. त्यातही रोमन मजकुराचं काम जास्त अवघड, हेच दिसलं.

सुलतानपूरच्या वाक्यात आणखी एक गंमत आहे. ‘पडून राह्यलं’ म्हणजे पुस्तकी मराठीत ‘पडून राहिलं’, कुणी उचललंच नाही. वऱ्हाडीत मात्र त्याचा अर्थ ‘पडत आहे’. काय करून राह्यला, असं विचारलं तर आमच्याकडे कुणी थांबलेला नसतो. यंत्रानं भाषा ‘मराठी’ अशी बरोबर ओळखूनही अर्थाचा घोळ होऊ शकतो. मग उत्तर वऱ्हाडीत द्यावं का? माझं मत, नको. साधी मराठी त्याला कळते. यंत्रानं उसनी वऱ्हाडी आणली की ती सिनेमातल्या विनोदी पात्रासारखी ऐकू येते.

आता मुद्द्याचं. ‘माझ्या भाषेत सांगा’ ही बहुतेक वेळा तक्रार असते आणि ती आधीच्या उत्तरावर असते. म्हणून त्या वाक्यातून ‘कोणती भाषा’ हे शोधण्याआधी ‘कोणती नको’ ते पाहावं. आधीचं उत्तर इंग्रजीत गेलं असेल तर गुंता नाही, शेतकऱ्यानं लिहिलं त्या भाषेत परत यावं. तो एवढंच ‘reply in my language’ लिहितो तेव्हाही त्याच्या मागच्या संदेशांची भाषा बघावी, शेवटच्या इंग्रजी ओळीची नव्हे.

पण आधीचं उत्तर मराठीतच होतं आणि तरी तो ‘माह्या भाषेत’ म्हणाला तर? त्या उत्तरात असं काहीतरी असणार: ‘आंतरप्रवाही कीटकनाशकाची हेक्टरी शिफारशीत मात्रा फवारावी.’ भाषा मराठीच, पण कुणाची? इथं यंत्र घाईनं हिंदीत किंवा इंग्रजीत उडी मारतं, तेव्हा ते भाषा बदलतं. माणसाला मात्र शब्द बदलून हवे असतात. आधी त्यालाच विचारावं, पिवळेपणा कसा आहे? नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय, बहुधा पाणी साचल्यानं. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके-पट्टे, तर मोझॅक. तो पांढऱ्या माशीनं पसरतो. मोझॅकला औषध नाही, रोगी झाडं उपटून माशीवर फवारणी करायची. औषध झाडाच्या रसात भिनतं एवढं सांगितलं की ‘आंतरप्रवाही’ लागत नाही. आणि मात्रा हेक्टरी नको, तो पंपाचा हिशेब करतो: पंधरा लिटरच्या एका पंपाला किती, हे डब्यावरच्या लेबलवरून काढून द्यावं.

तांड्यावरून हाच संदेश आला, मराठीतच, तर ‘माझी भाषा’ म्हणजे गोरबोलीही असू शकते. ते वाक्यावरून कळत नाही आणि अंदाज बांधण्याचा हक्कही नाही. तिथं एकच प्रश्न विचारावा, मराठीतच: ‘मराठीत आणखी सोपं करून सांगू, की तुम्हाला दुसऱ्या भाषेत हवं आहे?’ गोरबोली असं उत्तर आलं आणि यंत्राला ती धड येत नसेल तर तसं कबूल करावं, हिंदीची मोडतोड करून ती खपवू नये. पांढरी माशी तोवर थांबत नाही, म्हणून प्रश्नासोबतच मराठीतला सल्लाही देऊन टाकावा.