एका घरात फिरणारी गळवे

उन्हाळ्याच्या अखेरीस मुलाच्या मांडीवर गळू येते. ते फुटून बरे होते न होते तोच आईच्या काखेत दुसरे येते, आणि श्रावणात वडिलांच्या मानेवर केसतूड उठते. आंबे फार झाले, अंगात उष्णता वाढली, असे निदान घरातच होऊन जाते. आंब्याचा यात काही दोष नाही. एकाच छताखाली गळवे अशी फिरू लागली, की ती बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या एकाच जंतूची वस्ती असते. स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास हा जंतू पुवामध्ये पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

सुमारे तीन माणसांपैकी एकाच्या नाकपुडीच्या पुढच्या भागात हा जंतू काही त्रास न देता राहतो. तेथून बोटांवर, बोटांवरून त्वचेवर आणि सामाईक पंचा, वस्तरा किंवा खोबरेल तेलाच्या डब्यातून दुसऱ्याच्या अंगावर तो पोहोचतो. म्हणून केवळ गळू झालेल्याला गोळ्या दिल्याने गळू बरे होते, पण घरातील वस्ती तशीच राहते. अमेरिकेतील सेंट लुईस येथील २०१२ सालच्या एका अभ्यासात काही मुलांवर एकट्यांवरच जंतुनिर्मूलनाचे उपचार झाले, तर काहींच्या संपूर्ण घरावर. वर्षभरात पहिल्या गटातील ७२ टक्के मुलांना पुन्हा त्वचेचा संसर्ग झाला, दुसऱ्या गटातील ५२ टक्क्यांना. फरक खरा आहे. मात्र निम्म्याहून अधिक मुलांना पुन्हा त्रास झाला, हेही आम्ही येथे लपवीत नाही.

वरील घराचेच उदाहरण पुढे नेऊ. आधी चालू गळवे पूर्ण बरी होऊ द्यावीत. पू साचला असेल तर डॉक्टरांकडून निचरा करून घ्यावा, घरी पिळू नये. मग सर्वांनी एकाच दिवशी आरंभ करावा, कारण एकाचे सोमवारी आणि दुसऱ्याचे पुढच्या आठवड्यात झाले तर जंतू घरातच जागा बदलतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणारे दोन टक्के म्युपिरोसिनचे नाकाचे मलम काडीच्या टोकाएवढे घेऊन दोन्ही नाकपुड्यांच्या पुढच्या भागात सकाळ-संध्याकाळ लावायचे, नाक बाहेरून मिनिटभर चोळायचे, असे पाच दिवस. त्वचेसाठी मिळणाऱ्या मलमाचा आधार वेगळा असतो व तो नाकात झोंबतो, म्हणून औषध घेताना "नाकासाठी" असे स्पष्ट सांगावे.

त्याच पाच दिवसांत रोज चार टक्के क्लोरहेक्सिडीनने स्नान करावे. आमच्याकडे स्नान बादलीचे, तेव्हा रीत अशी: अंग ओले करावे, तांब्या बाजूला ठेवावा, द्रव मानेपासून पायांपर्यंत, काखा व जांघांसह, हाताने चोळावा, दोन मिनिटे थांबावे आणि मग पाणी घ्यावे. लगेच पाणी ओतणे ही नेहमीची चूक. डोळे व कान यांना तो लागू देऊ नये; तान्ह्या बाळासाठी आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. पंचा प्रत्येकाचा वेगळा आणि रोज धुतलेला असावा. चादरी व उशीचे अभ्रे, आतले कपडेही धुवावेत. पुण्याच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तेव्हा गरम इस्त्री उपयोगी पडते.

आता स्वॅबविषयी. स्वॅबचा खरा उपयोग फुटलेल्या किंवा चिरलेल्या गळवाच्या पुवासाठी आहे, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. त्यातून जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालत नाही ते कळते. गळवे वारंवार येत असतील तर पहिल्या संधीलाच हा नमुना द्यावा. कोरड्या त्वचेवर फिरवलेला बोळा फारसे काही सांगत नाही. घरातील सर्वांच्या नाकांची तपासणी बहुधा अनावश्यक असते: नाकात जंतू न सापडला तरी तो घशात वा जांघेत असू शकतो, आणि उपचार तर सगळ्यांनाच द्यायचा असतो. उपचारानंतर गळवे थांबली असतील तर पुन्हा तपासणीही नको. ती थांबली नाहीत, तर नव्या पुवाचा नमुना द्यावा व प्रयोगशाळेत म्युपिरोसिनची प्रतिकारशक्ती तपासता येईल का, हे विचारावे. दर महिन्याला आपल्याच मनाने मलम लावत राहिल्यास हा प्रतिकार वाढतो.

काही गळवे मात्र या गणितात बसत नाहीत. काखेत किंवा जांघेत त्याच त्याच ठिकाणी गाठी येऊन आतून एकमेकींना जोडणारे मार्ग होत असतील, तर तो निराळा आजार असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ हवेत, नाकाचे मलम नव्हे. मोठ्या माणसांना वारंवार गळवे येत असतील, तर रक्तातील साखर एकदा तपासावी. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, किंवा नाक व वरच्या ओठाभोवतीचे सुजलेले गळू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.