अठ्ठेचाळीस मात्रांतला रॉक

शाळेच्या संगीत मंडळाची पहिली बैठक. विषय रॉकचा इतिहास, आणि टेबलावर गिटारऐवजी पेटी. पुण्यातल्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंनी आपलं भाषण नावांनी आणि सनावळीने सुरू केलं नाही. त्यांनी सा, ग, प हे तीन स्वर एकत्र दाबून धरले आणि मुलांना चार मात्रा मोजायला लावल्या. मग म, ध, सा. मग प, नी, रे. सुरुवातीच्या रॉकमधली कितीतरी गाणी या तीन स्वरसमूहांवर, म्हणजे तीन कॉर्डांवर उभी आहेत, असं त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांचा क्रम वाजवून दाखवू लागल्या.

हा क्रम म्हणजे बारा बारांचं ब्लूज. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार सा-च्या कॉर्डवर, पुढचे दोन म-वर, दोन परत सा-वर. मग एक प-वर, एक म-वर आणि शेवटचे दोन पुन्हा सा-वर. यात थोडे बदल चालतात. चक बेरीने १९५८च्या ‘जॉनी बी. गूड’मध्ये दहाव्या बारला म-वर न उतरता प-वरच मुक्काम केला आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीत राबलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी हे ब्लूज घडवलं. त्याची खरी चव कळण्यासाठी बाईंनी पेटीवर सा-ची कॉर्ड धरून वरून कोमल गंधार गायला. खाली शुद्ध गंधार वाजत असतो, वर गळा कोमल गंधाराला, कधी त्या दोन्हींच्या मधल्या जागेला स्पर्श करतो. रागसंगीत शिकणाऱ्या मुलांना हे आधी खटकलं. ते घर्षण हवंच असतं, हे तीन-चार आवर्तनांनंतर त्यांच्या कानांना पटलं.

टाळ्यांशी मात्र जास्त झगडावं लागलं. ठेक्यात समेवर वजन द्यायची सवय, त्यामुळे सगळी मुलं पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देत होती. रॉकमध्ये स्नेअर ड्रमचा जोरदार ठोका बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. त्याला बॅकबीट म्हणतात. टाळी चुकतेय हे ओळखणं सोपं आहे: गाणं कवायतीसारखं चालायला लागतं. बाईंनी पहिल्या मात्रेला पाय आपटायला आणि दुसरीला टाळी द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे वर्ग झुलायला लागला.

इथवर आल्यावर त्यांनी एकच ध्वनिमुद्रण निवडलं, १९५१चं ‘रॉकेट ८८’. आइक टर्नरचा बँड मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला होता. प्रवासात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बिघडला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्यात कागद कोंबण्यात आला आणि विली किझार्टची गिटार खरखरीत, फाटल्यासारखी वाजू लागली. फिलिप्सला तो आवाज आवडला आणि त्याने तो झाकण्याऐवजी पुढे आणला. पुढच्या काळात गिटारवादक मुद्दाम यंत्रं वापरून असाच आवाज काढू लागले.

गाणं ओल्ड्समोबील कंपनीच्या एका नव्या, वेगवान मोटारीबद्दल आहे. पाया तोच, बारा बारांचा. बाईंनी मुलांना गिटारकडे लक्ष द्यायला सांगितलं. ती तालवाद्यासारखी खालच्या स्वरांत घुमत राहते.

तबकडीवर नाव छापलं गेलं ते ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’. ब्रेन्स्टन हा टर्नरच्या बँडमधला सॅक्सोफोनवादक; या गाण्यात त्याने आवाज दिला होता. बँडचं खरं नाव ‘किंग्ज ऑफ रिदम’. ज्याचा बँड, त्याचंच नाव तबकडीवरून गेलं. शिकागोच्या चेस कंपनीने काढलेली ही तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. अनेक जण तिला पहिली रॉक अँड रोल तबकडी म्हणतात. बाईंनी तो मान एकाच तबकडीला देणं टाळलं, आणि ते योग्यच होतं: बॅकबीट, बारा बारांचा साचा, विजेची गिटार यांतलं काहीच त्या दिवशी जन्मलं नव्हतं.

एका मुलाने विचारलं, हे सगळं आपल्याकडे कधी आलं? उत्तर पाचगणीचं निघालं. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकणाऱ्या फारूख बलसारा या मुलाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तो पियानो वाजवायचा, आणि त्या काळातली गाजलेली रॉक अँड रोल गाणी हा बँड शाळेत सादर करायचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला.

पुढच्या बैठकीसाठी काम ठरलं: प्रत्येकाने आवडीचं एक जुनं रॉक गाणं आणायचं आणि त्याच्या मात्रा मोजायच्या. आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांत पुरं होत नसेल, तर कॉर्ड नेमकी कितव्या बारला बदलली, ते वहीत लिहून आणायचं.